भगीरथाला सुटते, सुधाकरला का सुटत नाही?

इंदुरातल्या मराठीच्या वर्गातले निबंध तपासायला घेतले की ‘एकच प्याला’वर हमखास एक तक्ता सापडतो. मध्ये उभी रेघ, डावीकडे सुधाकर, उजवीकडे रामलाल. सुधाकर रागीट, रामलाल शांत. सुधाकर दारुडा, रामलाल निर्व्यसनी. सुधाकर दुबळ्या मनाचा, रामलाल खंबीर. खाली एक वाक्य असतं: अशा प्रकारे रामलालमुळे नायकाचं व्यक्तिमत्त्व उठून दिसतं. तक्ता नीटनेटका असतो, अक्षरही बहुधा चांगलं असतं. पण नाटक न वाचता, नुसती पात्रपरिचयाची यादी पाहूनही तो करता आला असता. सुधाकर दुबळा होता हे रामलालशिवायही कळतंच. मग गडकऱ्यांनी रामलाल कशाला लिहिला?

नायकाशेजारी जे पात्र उभं केल्यावर नायकाची एखादी रेघ ठळक होते, त्याला समीक्षेत ‘फॉइल’ म्हणतात. मूळ अर्थ जवाहिऱ्यांच्या कामातला आहे. सराफ्यात कुंदनकाम करणाऱ्या कारागिराला विचारलंत तर तो सांगेल, की खड्याखाली चकचकीत पातळ पत्रा बसवला की खड्याचं पाणी खुलतं. पण तो पत्रा खड्याच्या अगदी खाली, त्याला चिकटून असावा लागतो. शेजारच्या दुकानातल्या पत्र्याचा काही उपयोग नाही. वर्गातल्या तक्त्यात नेमकं हेच राहून जातं. विरोध दाखवायची सगळ्यांना घाई असते आणि जवळीक कुणी शोधत नाही. दोन पात्रांमध्ये सगळंच वेगळं असेल तर तुलनेतून काही हाती लागत नाही. बरंचसं सारखं आणि एखादीच गोष्ट वेगळी असेल, तर त्या एका गोष्टीकडे बोट दाखवता येतं.

शेक्सपिअरचं ‘हॅम्लेट’ यासाठी सगळीकडे शिकवतात ते उगाच नाही. आगरकरांनी १८८३ साली ‘विकारविलसित’ या नावाने ते मराठीत आणलं. त्यात बाप मारला गेलेले तीन मुलगे आहेत. हॅम्लेट विचार करत राहतो. लेअर्टिस बापाच्या मृत्यूची बातमी कळताच थेट राजवाड्यात घुसतो. फोर्टिन्ब्रास सैन्य घेऊन फिरतो. तिघांचं दुःख एक आहे, म्हणून तिघांच्या वागण्यातला फरक दिसतो. लेअर्टिसचा बाप जिवंत असता आणि तो नुसता तापट तरुण असता, तर त्याच्या तापटपणाने हॅम्लेटबद्दल काहीही कळलं नसतं. शिवाय लेअर्टिसची घाई त्याला शेवटी कुणाच्या हातचं बाहुलं करते हे पाहिलं, की हॅम्लेटचं थांबणं नुसता दोष वाटेनासं होतं. चांगल्या फॉइलमुळे नायकाचा न्यायनिवाडा सोपा होत नाही, उलट अवघड होतो.

आता ‘एकच प्याला’कडे येऊ. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ ला सावनेरला गेले, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी. पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला हे नाटक रंगभूमीवर आणलं. पदं वि. सी. गुर्जरांची, सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व आणि सुधाकरच्या भूमिकेत गणपतराव बोडस. गडकऱ्यांना तो प्रयोग पाहता आला नाही. त्यानंतर शंभर वर्षं झाली, तरी मराठी जिथे जिथे शिकवली जाते तिथे हे नाटक अभ्यासाला असतं आणि प्रश्नही बहुधा तोच असतो: सुधाकरच्या शोकांतिकेचं कारण काय?

कथा थोडक्यात अशी. सुधाकर हुशार, स्वतःच्या बळावर वर आलेला, भलताच मानी वकील. कोर्टात त्याचा अपमान होतो, तो उलट बोलतो आणि त्याची सनद काही काळासाठी जाते. त्या अपमानाची आग विझावी म्हणून दारुडा तळीराम त्याला पहिला प्याला देतो. पुढे तो आर्यमदिरामंडळ नावाच्या पिणाऱ्यांच्या टोळक्यात ओढला जातो, वकिली कायमची जाते, घर उद्ध्वस्त होतं. मध्ये एकदा तो दारू सोडायचा निश्चय करतो, पण नोकरी मागत फिरताना पुन्हा अपमान पदरी येतो आणि निश्चय मोडतो. त्याची बायको सिंधू दळण दळून संसार ओढते. नशेत त्याच्या हातून मूल मरतं, सिंधूही मरते आणि अखेर तो प्याल्यात विष घालून स्वतःला संपवतो.

निबंधाची सुरुवात नायकाच्या विशेषणांनी करू नये, निर्णयांनी करावी. सुधाकरचे निर्णय मोजके आहेत: कोर्टात गप्प न बसणं, पहिला प्याला घेणं, सोडायचं ठरवणं, पुन्हा हातात घेणं. यातला प्रत्येक निर्णय समोर ठेवून एकच प्रश्न विचारायचा. याच टप्प्यावर नाटकात आणखी कुणी उभं राहिलं आहे का, आणि त्याने वेगळं काय केलं? असा शोध घेतला की रामलाल पहिल्या क्रमांकावर येत नाही. पहिला येतो भगीरथ.

भगीरथाकडे विद्यार्थ्यांचं सहसा लक्ष जात नाही. तो नंतर सुधाकरच्या बहिणीशी, शरदशी लग्न करणारा तरुण म्हणून लक्षात राहतो आणि तक्त्यात त्याला जागा मिळत नाही. पण त्याची सुरुवात पाहा. तोही पितो. त्याच आर्यमदिरामंडळात, त्याच तळीरामाच्या संगतीत पितो. त्यालाही दारूकडे एका जखमेनेच ढकललं आहे. सुधाकरला अपमानाने, त्याला प्रेमभंगाने. दोघेही शिकलेले, संवेदनशील, मंडळातल्या इतरांसारखे निव्वळ चैनी नव्हेत. आणि दोघांनाही बाहेर काढायला माणूस एकच येतो, रामलाल. त्याचं बोलणं ऐकून भगीरथ दारू सोडतो, दुसऱ्यांसाठी जगण्याकडे वळतो आणि पुन्हा कधी प्याल्याला हात लावत नाही. तोच रामलाल सुधाकरचा जिवलग मित्र आहे, सुधाकरवर त्याचा जीव आहे, तरी तिथे त्याचा इलाज चालत नाही.

रोग एक, वैद्य एक, औषध एक. एक रोगी बरा होतो आणि एक दगावतो. आता फरक रोग्यातच शोधावा लागतो. ‘दारू वाईट’ हे उत्तर इथे पुरत नाही, कारण दारूचं व्यसन दोघांनाही होतं. ‘संगत वाईट’ हेही पुरत नाही. ‘चांगला मित्र मिळाला नाही’ तर मुळीच नाही. भगीरथ नसता तर ही तिन्ही उत्तरं चालून गेली असती आणि नाटक दारूबंदीच्या प्रचाराचं झालं असतं. आजही कित्येक जण ते तसंच वाचतात.

मग उरतं काय? भगीरथाचं दुःख कुणीतरी हरवल्याचं आहे. हरवलेल्या माणसाच्या जागी दुसरं काम, दुसरी माणसं आणून ठेवली की ते दुःख हळूहळू भरून निघू शकतं. रामलाल तेच करतो. सुधाकरचं दुःख स्वतःच्या किमतीबद्दलचं आहे. त्याला कमी लेखलं गेलं आहे. अशा माणसाला वाचवायला कुणी आलं की वाचवणं हाच नवा अपमान ठरतो. मित्र उपदेश करतो म्हणजे तो वर आणि मी खाली. सुधाकर जेव्हा खरोखर सोडायला निघतो, तेव्हा त्याला परत यायची वाटही अपमानातूनच जाते. कालपर्यंत ज्यांच्यापुढे मान ताठ ठेवली त्यांच्या दारात नोकरीसाठी उभं राहायचं. तिथे जे ऐकावं लागतं ते कोर्टात ऐकलेल्यापेक्षा वेगळं नसतं आणि तो पुन्हा त्याच औषधाकडे जातो, जे पहिल्या वेळी लागू पडलं होतं. पहिला प्याला आणि निश्चय मोडून पुन्हा घेतलेला प्याला, दोन्ही एकाच कारणाने घेतलेले आहेत. भगीरथाच्या शेजारी ठेवल्यावर हे एकदम दिसतं.

इथे एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे लिहायला हवी. भगीरथाला परतणं सोपं होतं याचं एक कारण स्वभावाबाहेरचं आहे. त्याच्यावर संसाराचा भार नाही, गेलेली सनद नाही, गावात मिळवून गमावलेली पत नाही. तो ज्या उंचीवरून पडला ती उंचीच कमी. फॉइल वापरून नायकाला नापास करायचा मोह होतो: बघा, त्याला जमलं, याला जमलं नाही! तसा निबंध वाचताना तपासणाऱ्याच्या मनात लगेच येतं, की परिस्थिती सारखी होती का? साम्य कुठे संपतं हे निबंधकारानेच सांगितलं तर तुलना जास्त पक्की होते.

आता रामलाल. तक्त्यातला रामलाल शांत, सज्जन, उपदेशक असतो. गडकऱ्यांनी लिहिलेला रामलाल तसा नाही. त्याच्या आधाराने राहणारी सुधाकरची बहीण शरद बालविधवा आहे. तिच्याविषयी त्याच्या मनात बापासारखी माया आहे असं तो स्वतः मानतो आणि मग एके दिवशी त्या मायेत दुसरंच काही मिसळलं आहे हे त्याच्या ध्यानात येतं. तो हादरतो. भगीरथ आणि शरद एकमेकांकडे ओढले गेले आहेत हे पाहून त्याला मत्सरही होतो. ज्या माणसाने दोन दारुड्यांना मनावर ताबा ठेवायला सांगितलं, त्याच्याच मनाचा ताबा सुटू पाहतो. पुढे तो स्वतःला आवरतो आणि त्या दोघांच्या मार्गातून बाजूला होतो.

लांब नाटकाला कात्री लावायची वेळ आली की सगळ्यात आधी हा भाग डोळ्यांपुढे येतो, कारण गोष्ट दारूची आहे आणि यात दारू कुठेच नाही. पण फॉइल म्हणून पाहिलं तर हा भाग काढता येत नाही. तो काढला की रामलाल पुन्हा तक्त्यातला होतो: कधी न घसरलेला, म्हणून घसरलेल्यांना शिकवणारा. तो ठेवला की नाटकात दोन घसरणी शेजारी शेजारी येतात. रामलालही घसरतो, मात्र स्वतःची चूक स्वतःपाशी कबूल केल्याने त्याचं काही मोडत नाही. उलट तिथूनच तो सावरतो. सुधाकरलाही आपण काय करतो आहोत हे पूर्ण कळतं. दारूच्या माणसावर होणाऱ्या परिणामाचे टप्पे तो रामलालला ज्या बारकाईने समजावून सांगतो, तेवढं नाटकातल्या दुसऱ्या कुणालाच कळत नाही. त्याला अज्ञानाचा फायदा देता येत नाही. पण त्याचं कळणं त्याला वर आणत नाही, आणखी खाली ढकलतं, कारण आपली किंमत कमी झाल्याचा तो आणखी एक पुरावा असतो. ‘सुधाकर दुबळ्या मनाचा’ हे वाक्य इथे खोडावं लागतं. दुबळं मन एवढं स्पष्ट पाहू शकत नाही.

तळीरामाचं काम निराळं आहे. बरेच विद्यार्थी त्याला खलनायक म्हणतात. पहिला प्याला त्याने दिला, म्हणून तो दोषी, हा हिशेब बरोबरच आहे. पण खलनायक नायकाला अडवतो; तळीराम सुधाकरला कशातच अडवत नाही. त्याला सुधाकरचं वाईट करायचं नाही, सोबत हवी आहे. तो पितो, पिण्यासाठी सदैव एखादं विनोदी कारण तयार ठेवतो, पत्नीचा छळ करतो, त्याची लाज बाळगत नाही आणि पीत पीतच मरतो. त्याच्या आजारपणातही डॉक्टर आणि वैद्य यांची थट्टा चालू असते. म्हणजे शेवट दोघांचाही दारूनेच होतो. फरक आहे तो लाजेत. तळीरामाला गमावण्यासारखं काही नाही, म्हणून त्याचं मरण प्रहसन होतं. सुधाकरला लाज आहे, म्हणून त्याचं मरण शोकांतिका होतं. आणि ज्या मानीपणाने त्याला बुडवलं, त्याच मानीपणामुळे तो तळीराम होत नाही. सुधाकरचा दोष आणि त्याचा मोठेपणा ही एकाच गुणाची दोन रूपं आहेत, हे तळीरामामुळे कळतं.

हा फरक गडकऱ्यांनी भाषेतही ठेवला आहे आणि निबंधात तो हमखास सुटतो. तळीराम आणि मंडळी बोलतात ती कोट्यांची, टाळ्याखाऊ, तर्काचा चेष्टेने उपयोग करणारी भाषा. सुधाकर बोलतो तेव्हा वाक्यं लांबतात, उपमांवर उपमा येतात, विनोद जवळजवळ नाहीसा होतो. मंडळाच्या प्रवेशाला प्रेक्षक खळखळून हसतात आणि थोड्याच वेळाने सुधाकरच्या प्रवेशात तेच प्रेक्षक आपण कशावर हसलो या विचाराने गप्प होतात. एखादा प्रवेश घेऊन दोघांची दोन-तीन वाक्यं समोरासमोर ठेवली, तर अर्ध्या पानाचा पुरावा मिळतो.

एक विचित्र गोष्ट यातूनच उलगडते. आज मराठी वर्तमानपत्रांत पिऊन गाडी चालवणाऱ्याला सर्रास ‘तळीराम’ म्हणतात. ‘सुधाकर’ कुणी म्हणत नाही. नायक मागे राहिला आणि त्याच्याशेजारी उभा केलेला माणूस गावभर झाला. तळीराम हा एक नमुना आहे, शहरोशहरी सापडणारा. त्याचं नाव कुणालाही देता येतं. सुधाकर एकच आहे.

स्त्री-पात्रांच्या जोडीत मात्र गडकऱ्यांची योजना त्यांच्याच हातून निसटली, असं मला वाटतं. सिंधू आणि तळीरामाची पत्नी गीता, दोघीही दारुड्यांच्या बायका. सिंधू नवऱ्याच्या शब्दाखातर माहेरच्या पैशाला हात लावत नाही, दळण दळते आणि मरताना पोलिसांपुढेही नवऱ्याला सांभाळून घेते. गीता तोंडाळ आहे. ती नवऱ्याला खरमरीत बोलते, त्याचं काय चाललंय ते उघड सांगते आणि सिंधूच्या मदतीलाही तीच धावते. १९१९ च्या प्रेक्षकाला गीतेच्या शेजारी सिंधूचं पातिव्रत्य झळाळून दिसावं, गीतेने चार घटका हसवावं, हा हेतू असणार. बालगंधर्वांची सिंधू पाहून थिएटरं रडली.

आज वर्गात हीच जोडी उलटी चालते. मुली विचारतात, गीता बोलते म्हणून निदान जगते, मग सिंधू का बोलत नाही? पोलिसांपुढे खोटं बोलून तिने कुणाला वाचवलं? पदर खोचून उभी असलेली गीता शेजारी नसती, तर हा प्रश्न एवढ्या सहज सुचला नसता; सिंधूच्या जागी दुसरं काही करता येतं हेच कुणाच्या लक्षात आलं नसतं. झळाळी आणायला ठेवलेल्या पात्राने भेग दाखवली. असं वाचन नाटकाच्या काळावर अन्याय करतं, असं काही अध्यापक म्हणतात. मला ते पटत नाही. लेखकाचा हेतू एका वाक्यात सांगावा आणि मग संहितेतली जोडी आज काय करते ते लिहावं. दोन्ही लिहिल्यावर गुण कापणारा परीक्षक मला तरी अजून भेटलेला नाही.

हजार शब्दांच्या निबंधात हे सगळं मावत नाही आणि मावू देऊही नये. दोन पात्रं पुरेत. भगीरथ आणि तळीराम घेतले तर निबंध सुधाकरच्या मानीपणावर उभा राहतो. रामलाल आणि भगीरथ घेतले तर ‘कळणं आणि वळणं’ यातल्या अंतरावर. कोणतीही जोडी घ्या, पण परिच्छेदाची घडण अशी राहू द्या: आधी समान प्रसंग, मग एकच फरक, मग त्या फरकाने सुधाकरबद्दल कळलेली नवी गोष्ट, आणि शेवटी तुलना कुठे थांबते. नमुना म्हणून हा परिच्छेद पाहा:

“भगीरथ आणि सुधाकर दोघेही मनावरची जखम विसरण्यासाठी पितात आणि दोघांनाही रामलाल आवरू पाहतो. भगीरथ ऐकतो, कारण ऐकण्यात त्याला कमीपणा वाटत नाही. सुधाकरला मित्राचा प्रत्येक शब्द आपल्या पतनाची आठवण वाटतो. त्यामुळे त्याला दारूपेक्षाही मदत घेणं अधिक जड जातं. अर्थात भगीरथावर संसार नव्हता आणि त्याची सनदही गेली नव्हती. त्याच्या सुटकेवरून सुधाकरला दोष देता येणार नाही. पण सुधाकरच्या विनाशाचं मूळ प्याल्यात नसून अपमान सोसण्याच्या असमर्थतेत आहे, एवढं भगीरथामुळे सिद्ध होतं.”

यात ‘रागीट’, ‘शांत’, ‘दुबळा’ यांपैकी एकही विशेषण नाही. लिहून झाल्यावर एक चाचणी करा. परिच्छेदातून भगीरथाचं नाव खोडून पाहा. विधान तसंच उभं राहिलं तर भगीरथ फक्त सजावटीला आणला होता, परिच्छेद पुन्हा लिहा. विधान कोसळलं तर काम झालं.

याच चाचणीत सिंधूचा भाऊ पद्माकर बाद होतो. तो चिडतो, बहिणीची काळजी करतो, कथा पुढे ढकलतो. पण सुधाकर ज्या पेचात आहे तशा पेचात तो कधीच उभा राहत नाही. नाटकात तो हवा, निबंधात नको.